मदत हवी आहे: 'वॅक', म्हणजे कर्ज आणि मालकांचा पैसा मिळून भांडवलाचा भारित सरासरी खर्च, काढताना मालकांच्या पैशाला दर कोणता धरायचा?

लेथवाला: आमची सुटे भाग बनवणारी छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे. बँकेचं मुदत कर्ज ६० लाख, व्याज ११ टक्के. मी आणि धाकटा भाऊ, आमचं भागभांडवल २५ लाख आणि साठलेला नफा १५ लाख. कर २५.१६८ टक्के बसतो. नवीन मशीन घ्यायचं आहे, त्यावर कर जाऊन (व्याज न धरता) १० टक्के सुटतील असा अंदाज.

करसवलत धरून कर्ज ८.२३ टक्क्यांना पडतं. आमच्या पैशावर आम्ही काहीच घेत नाही, म्हणून तिथे शून्य धरलं:

```
0.6 × 8.23 + 0.4 × 0 = 4.94
```

इतका कमी आकडा पटत नाही. कुठे चुकतंय?

हिशेबी: शून्य कसं? ते पैसे एफडीत असते तर ७ टक्के मिळाले असते. ७ धरा, वॅक ७.७४ येतो. मशीन बिनधास्त घ्या.

जुना_सीए: शून्य नको हे बरोबर, पण एफडीशी तुलना नको. बँकेकडे मशीन तारण आहे, बहुधा तुमची वैयक्तिक हमीही, तरी ती ११ मागते. धंदा बसला तर बँकेचं फिटल्यावर उरेल ते तुमचं. जास्त जोखीम तुमची, मग दर ११ च्या खाली कसा? अशा युनिटला मी कर्जाच्या दरावर ६-८ टक्के चढवतो. तो अंदाजच आहे, पण १८ धरा. मालकांच्या परताव्यावर करसवलत नसते, म्हणून १८ तसाच राहतो:

```
0.6 × 8.23 + 0.4 × 18 = 12.14
```

१० टक्के देणारं मशीन यात बसत नाही. आणि मशीनवर बसणार कोण?

शेठजी_सांगली: आमची भागीदारी फर्म आहे. भांडवलावर १२ टक्के व्याज खर्ची टाकतो. तोच दर धरला तर?

जुना_सीए: १२ ही फर्मला वजावट मिळण्याची आयकरातली कमाल मर्यादा आहे, तुमच्या जोखमीचा भाव नव्हे. आणि ती कंपनीला लागू नाही.

लेथवाला: भाऊच बसणार. त्याचा पगार अंदाजात धरलाच नव्हता! म्हणजे १० सुद्धा खरे नाहीत. एक विचारतो, आज कारखाना विकला तर कर्ज फेडून ९० लाख तरी हाती येतील. मग आमचा वाटा ४० ऐवजी ६० टक्के धरायचा का? वॅक १४ च्या वर जातो.

जुना_सीए: तत्त्वतः बाजारभावच धरायचा. पण मग कर्जाचं ओझं तुलनेने हलकं ठरतं, मालकांची जोखीम कमी होते, म्हणून १८ सुद्धा खाली यायला हवा. १४ जास्तच वाटतो.

हिशेबी: पण ९० लाख देणारा गिऱ्हाईक कुठे आहे? मी ताळेबंदातलेच ४० धरेन.

लेथवाला: आधी भावाचा पगार घालून मशीनचा हिशेब नव्याने मांडतो. आकडे इथेच टाकेन.