शब्दचर्चा : ‘शिअर थिनिंग’ला ‘दाबाने पातळ होणे’ म्हणावे का?

भाषांतरी :
प्लास्टिक फिल्म बनवणाऱ्या कारखान्यांतील ऑपरेटरांसाठी असलेली एक पुस्तिका मी सध्या मराठीत आणत आहे. तिच्यात ‘शिअर थिनिंग’ ही संज्ञा वारंवार येते. माझ्याआधी ज्यांनी हे काम केले त्यांच्या मसुद्यात तिच्यासाठी एके ठिकाणी ‘कर्तन-विरलन’ आहे, तर दुसरीकडे सरळ ‘दाबाने पातळ होणे’ असे लिहिले आहे. दुसरा पर्याय वाचणाऱ्याला लगेच कळतो, म्हणून मी पुढील वाक्य तयार केले : ‘वितळलेला माल डायमध्ये दाबाने पातळ होतो, त्यामुळे स्क्रूचा वेग वाढवला तरी दाब फारसा वाढत नाही.’ या वाक्याचा अर्थ शास्त्राला धरून आहे का, आणि नसल्यास नेमके काय चुकते, हे जाणकारांनी सांगावे.

स्क्रूबॅरल :
अर्थ बरोबर आहे असे मला वाटते. उलट आणखी एक पाऊल पुढे जायला हरकत नाही. वेग वाढला की घासणे वाढते, उष्णता निर्माण होते, माल पातळ होतो, आणि म्हणून जास्त वेगाला डायवरचा दाब कमी होतो. रंगाचा डबा ढवळला की रंग पातळ होतो, तोच हा प्रकार आहे. ‘दाबाने पातळ होणे’ हेच ठेवावे.

प्रवाहमापक :
माझे मत वेगळे आहे, आणि ते सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते, कारण हा शब्द चुकला तर ऑपरेटरची अपेक्षाच चुकेल.

माल पातळ होतो तो दाबामुळे नव्हे. नुसता दाब वाढवला तर रेणू एकमेकांच्या अधिक जवळ येतात आणि श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा मालाचा आतला विरोध, उलट थोडी वाढते. पातळ करणारी गोष्ट म्हणजे शिअर, अर्थात मालाचे थर एकमेकांवरून वेगवेगळ्या वेगाने सरकणे. डायच्या भिंतीला चिकटलेला थर जवळजवळ स्थिर असतो आणि मधला थर वेगाने पुढे जातो. बहुवारिकाच्या लांब साखळ्या स्थिर असताना शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. थर वेगाने सरकू लागले की त्या प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जातात, सुटलेल्या गुंत्याला पुन्हा बसायला वेळ मिळत नाही, आणि म्हणून श्यानता घटते.

उष्णतेचा वाटाही इथे लहान आहे. डायमध्ये १०० बार दाब खर्च झाला आणि त्याची सगळी उष्णता मालातच राहिली असे धरले, तरी पॉलिएथिलीनचे सरासरी तापमान साधारण ५ अंशांनी वाढते. तेवढ्याने श्यानता काही टक्के उतरेल, पण शिअरमुळे ती अनेक पटींनी उतरते. रंगाची तुलना मी टाळेन, कारण अनेक रंगांमध्ये ढवळण्याला किती वेळ झाला यालाही महत्त्व असते आणि ढवळणे थांबल्यावर ते हळूहळू घट्ट होतात. डायच्या हिशेबात वितळलेल्या पॉलिएथिलीनची श्यानता त्या क्षणीच्या शिअरच्या वेगावरच ठरते असे धरले जाते.

मुख्य दुरुस्ती मात्र दाबाबद्दलची आहे. वेग वाढल्यावर दाब कमी होत नाही, वाढतोच. तो फक्त वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. पॉवर-लॉ, म्हणजे घातनियम, हेच सांगतो :

```
τ = m·γ̇^n        η = m·γ̇^(n−1)
```

इथे τ हा शिअर स्ट्रेस, γ̇ हा शिअरचा वेग, η ही श्यानता, आणि m व n हे मालाचे आकडे आहेत. पाण्यासारख्या द्रवासाठी n हा १ असतो, तर एलडीसाठी, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिएथिलीनसाठी, तो ०.४ च्या आसपास असतो. डायमधला दाब आऊटपुटच्या n व्या घाताने वाढतो. त्यामुळे आऊटपुट दुप्पट केले, तर एलडीचा दाब २ च्या ०.४ व्या घाताने, म्हणजे सुमारे १.३२ पट होतो. भाषांतरी यांच्या वाक्यातील ‘फारसा वाढत नाही’ हा भाग म्हणूनच योग्य आहे, आणि ‘दाबाने’ हा शब्द काढायला हवा.

पाईपवाला :
आमच्याकडे याच्या उलट घडते. एचडी पाईपच्या लाईनवर स्क्रूचा वेग तोच असतो, दाणा तोच असतो, आणि तरीही पाळी संपेपर्यंत दाब वाढत वाढत जातो. म्हणजे आमचा माल पातळ होण्याऐवजी दाट होत असणार. त्यासाठी पुस्तिकेत वेगळा शब्द असावा.

प्रवाहमापक :
पाईपवाले, आपल्याकडे दिसते ते शिअर थिनिंगही नाही आणि त्याच्या उलटही नाही. शिअर थिनिंग म्हणजे वेग बदलला असता श्यानता बदलणे, आणि आपण तर वेग बदललेलाच नाही. असे हळूहळू चढणे बहुधा जाळी चोक होत असल्यामुळे असते. जाळीच्या आधी आणि नंतर असे दोन्हीकडचे दाब पाहावेत. आधीचा चढत असेल आणि नंतरचा जागच्या जागी असेल, तर दोष जाळीचा आहे. दोन्ही एकदम चढत असतील, तर तापमान उतरले आहे का किंवा दाण्याची बॅच बदलली आहे का, ते तपासावे.

फिल्मवाला :
माझा प्रश्न शब्दाचा नाही, पण याच विषयातला आहे. आम्ही एलडीवर चालणाऱ्या प्लांटवर निव्वळ एलएल, म्हणजे रेषीय कमी घनतेचे पॉलिएथिलीन, चालवून पाहिले. दोन्ही दाण्यांच्या पिशव्यांवर एमएफआय, म्हणजे वितळलेला माल किती सहज वाहतो याचा आकडा, २ छापलेला होता, आणि तापमान व आऊटपुटही तेच ठेवले होते. तरीही दाब दुपटीच्या वर गेला, मोटरचे अँपिअर चढले आणि फिल्म खडबडीत येऊ लागली. एमएफआय सारखा असेल तर श्यानताही सारखीच असायला हवी ना? मग दाणा खराब होता का?

प्रवाहमापक :
दाणा चांगला असण्याची शक्यताच अधिक आहे. पॉवर-लॉ खरा कामाला येतो तो इथे, म्हणून हा हिशेब पूर्ण करून दाखवतो.

एमएफआयच्या यंत्रात २.१६ किलोच्या वजनाखाली माल फार संथ सरकतो. एमएफआय २ असलेल्या दाण्यासाठी तिथे शिअरचा वेग सेकंदाला सुमारे ५ एवढाच असतो. समजा, आपली डाय १५० मिलिमीटर व्यासाची आहे, गॅप १ मिलिमीटर, लँडची, म्हणजे डायच्या तोंडापाशी असलेल्या समांतर भागाची, लांबी २० मिलिमीटर आणि आऊटपुट तासाला ६० किलो आहे. या डायच्या भिंतीपाशी शिअरचा वेग सेकंदाला ३०० ते ४०० च्या घरात जातो. म्हणजे पिशवीवरचा आकडा एका ठिकाणचा आणि आपले काम कितीतरी पुढच्या ठिकाणी, अशी ही स्थिती आहे.

गॅप व्यासाच्या मानाने लहान असल्यामुळे वर्तुळ उलगडून सपाट फट मानता येते, आणि तिच्यासाठी दाबाचे सूत्र असे आहे :

```
ΔP = (2·m·L/H) · [ (2(2n+1)/n) · Q/(W·H²) ]^n
```

यात ΔP हा लँडमध्ये खर्च होणारा दाब, L ही लँडची लांबी, H ही गॅप, W हा उलगडलेला परीघ आणि Q हे दर सेकंदाला निघणाऱ्या मालाचे आकारमान आहे. हिशेबासाठी वितळलेल्या मालाची घनता ७६० किलो प्रतिघनमीटर धरली, आणि ५ च्या वेगाला दोन्ही मालांची श्यानता सारखीच, ४००० पास्कल-सेकंद, धरली. एलडीचा n ०.४ घेतला, तर दाब सुमारे ४७ बार येतो. एलएल शिअरने कमी पातळ होते, म्हणून तिचा n ०.६ घेतला, तर तोच दाब सुमारे १०१ बार येतो. माल मुळीच पातळ झाला नसता, तर सुमारे ४४७ बार लागले असते. आपल्याला दिसलेली दुप्पट वाढ इथून आली आहे.

खडबडीत फिल्मचे कारणही याच हिशेबात सापडते. भिंतीवरचा शिअर स्ट्रेस एलडीसाठी ०.१२ मेगापास्कलच्या आसपास आणि एलएलसाठी ०.२५ च्या आसपास येतो. एलएलमध्ये साधारण ०.१४ मेगापास्कल ओलांडले की पृष्ठभागावर शार्कस्किन दिसू लागते. गॅप २ मिलिमीटर केली, तर एलएलचा दाब सुमारे २२ बारवर येतो आणि स्ट्रेस ०.११ पर्यंत उतरतो. एलएलसाठी रुंद गॅपच्या डाय वापरल्या जातात त्या यासाठीच. डाय बदलणे परवडत नसेल, तर फ्लोरोपॉलिमरचे प्रोसेसिंग एड मिसळतात किंवा एलएलमध्ये थोडी एलडी घालतात.

स्क्रूबॅरल :
दाब कमी होतो, हे माझे विधान मागे घेतो. पण मग लँड अर्धी केली, तर दाबही n व्या घातानेच उतरेल, म्हणजे फारसा उतरणार नाही, असे समजावे का?

प्रवाहमापक :
तसे नाही. सूत्रात L कंसाच्या बाहेर आहे. लँड अर्धी केली की लँडमधला दाब अर्धाच होतो, मग n काहीही असो. घात लागतो तो आऊटपुटला आणि गॅपला. पाण्यासारख्या द्रवासाठी गॅप दुप्पट केल्यावर दाब आठव्या भागावर येतो, एलडीसाठी मात्र तो साडेतीनाव्या भागाच्या जवळपासच उतरतो. लँड फार आखूड केली, तर बाहेर पडताना माल जास्त फुगतो, एवढे लक्षात असू द्यावे.

भाषांतरी :
‘दाबाने’ हा शब्द मी काढला आहे. आता माझ्यापुढे ‘शिअरने पातळ होणे’ आणि ‘कर्तन-विरलन’ हे दोन पर्याय उरतात.

फिल्मवाला :
आमच्याकडे ‘माल पातळ आला’ याचा एकच अर्थ होतो, आणि तो म्हणजे फिल्मचे मायक्रॉन कमी आले. ‘वेग वाढवला की माल पातळ होतो’ हे वाचून ऑपरेटर जाडी मोजायला धावेल.

प्रवाहमापक :
ही अडचण खरी आहे, आणि या विषयात ती अधिकच गोंधळ करील, कारण n चा जाडीशीही संबंध आहे. डाय एका बाजूला जराशी जास्त उघडी राहिली, तर तिथून किती माल जास्त निघेल, हे गॅपच्या (२ + १/n) व्या घातावर ठरते. गॅपमध्ये ५ टक्के फरक असेल, तर पाण्यासारख्या द्रवात त्या जागी सुमारे १६ टक्के माल जास्त निघेल, एलएलमध्ये सुमारे २० टक्के, आणि एलडीमध्ये सुमारे २५ टक्के. म्हणजे ज्या गुणामुळे दाब वाचतो, त्याच गुणामुळे डायचे बोल्ट अधिक काळजीने लावावे लागतात. पुस्तिकेत एका ओळीत श्यानतेचे पातळ आणि पुढच्या ओळीत मायक्रॉनचे पातळ आले, तर वाचणाऱ्याचा घोळ होणारच. ‘विरलन’ही मला पटत नाही, कारण विरल म्हटले की घनता कमी झाली असे वाटते, आणि इथे घनता बदलत नाही. ‘शिअरने श्यानता घटणे’ हे लांब आहे, पण त्याचा दुसरा अर्थ निघत नाही.

स्क्रूबॅरल :
श्यानता हा शब्द कारखान्यात कोणी उच्चारत नाही. ‘दाटपणा घटणे’ म्हणावे.

भाषांतरी :
‘शिअरने दाटपणा घटणे’ मला चालेल, पण दाटपणा आणि घनता यांची गल्लत होण्याची भीती उरतेच. पहिल्या उल्लेखात श्यानता आणि दाटपणा हे दोन्ही शब्द शेजारी ठेवण्याचा विचार आहे.

फिल्मवाला :
आणखी एक शंका आहे. आपल्या हिशेबात १०१ बार आले, पण आमच्या गेजवर त्याहून बरेच जास्त दिसत होते.

प्रवाहमापक :
माझा हिशेब फक्त लँडचा आहे आणि तोही धरलेल्या आकड्यांवरचा. आपला गेज जाळीच्या आधी बसवलेला असेल, तर त्यात जाळी, अॅडॅप्टर, डायचे आतले मार्ग आणि लँडमध्ये शिरतानाचा खर्च असे सगळे मिळून दिसते. शिवाय n हा काही दाण्याचा कायमचा आकडा नव्हे. शिअरचा वेग फार कमी झाला की श्यानता एका पातळीवर स्थिरावते आणि तिथे पॉवर-लॉ लागू पडत नाही. एलएलमध्ये हे लवकर घडते, म्हणून एमएफआयच्या ठिकाणापासून सरळ रेषा ओढली तर डायमधला दाब थोडा चुकतो. आपल्या दाण्याचा कॅपिलरी रिओमीटरवरचा आलेख पुरवठादाराकडे मागावा आणि सेकंदाला १०० ते १००० या टप्प्यातला n त्यावरून काढावा. तो मिळाल्यास इथे द्यावा, म्हणजे लँडचा वाटा किती आणि उरलेल्या वाटेचा किती, हे वेगळे काढून पाहता येईल.