उपासाला बटाटा की शेंगदाणे?

राहुल (मूळ पोस्ट): उपासाला बटाटा म्हणजे नुसता स्टार्च. त्याऐवजी मूठभर शेंगदाणे खा, कॅलरी तेवढ्याच आणि दिवसभर भूक लागत नाही.

शुभदा: दर एकादशीला हेच फिरतं, म्हणून सविस्तर लिहिते. 1995 साली सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट यांनी 38 पदार्थ प्रत्येकी 240 कॅलरींचे मोजून खायला दिले आणि पुढचे दोन तास दर 15 मिनिटांनी लोकांना पोट किती भरलंय ते विचारलं. पांढरा ब्रेड 100 धरला, तर उकडलेला बटाटा 323, सगळ्यांत वर. शेंगदाणे 84. कारण ताटातच दिसतं. तेवढ्या कॅलरींचा बटाटा पाव किलोहून जास्त भरतो आणि शेंगदाणे चाळीसेक ग्रॅम. बटाट्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. जठर ताणलं गेलं की मेंदूला कळतं, आणि ते ताणलं जातं आकारमानाने.

खवय्या: मग शेंगदाण्यांवर दोन ग्लास पाणी प्यायलं की झालं! उगाच बटाट्याचं कौतुक.

शुभदा: तसं होत नाही. अमेरिकेत बार्बरा रोल्स यांनी हेच तपासलं. तेच जिन्नस, तेवढंच पाणी. पाणी सोबत ग्लासात दिलं तेव्हा पुढचं जेवण कमी झालं नाही, पण त्याचंच सूप करून दिलं तेव्हा लोक कमी जेवले.

मंदाताई: आमच्याकडे बटाट्याच्या भाजीत तूप आणि मूठभर कूट असतं. त्याचे पण 323 का? आणि साबुदाण्याचं कोणीच का बोलत नाही? माझ्या सुनेची खिचडी तेलात पोहते!

खवय्या: साबुदाणा पचायला जड, पोट तुडुंब राहतं.

मंदाताई: जड वाटणं आणि पोट भरणं एकच का? माझी खिचडी मी चाळीस वर्षं करते, मला शिकवू नका.

शुभदा: मंदाताईंचं बरोबर आहे. तो आकडा नुसत्या उकडलेल्या बटाट्याचा आहे. त्याच यादीत बटाट्याचे वेफर्स 91 वर आहेत. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी, आणि ताटात त्याची जागा जवळजवळ शून्य.

राहुल: दोनच तास मोजलं ना? उपास दिवसभराचा असतो. मला सकाळच्या शेंगदाण्यांवर दुपारपर्यंत काही लागत नाही.

शुभदा: बरं, हे मान्य. चौथ्या-पाचव्या तासाचं त्यात काहीच नाही, आणि शेंगदाण्यातली प्रथिनं तेव्हा कामी येत असतील. पण "बटाट्याने भूक भागत नाही" हे तरीही खोटं.

नितीन: आईला मधुमेह आहे. बटाटा खाल्ला की साखर वर जाते. पोट भरलं म्हणून तिला तो द्यायचा का?

खवय्या: हा तर वेगळाच प्रश्न झाला.

नितीन: आमच्या घरात तोच प्रश्न आहे.