घशाला बरं वाटलं, तरी गोळ्या संपवायच्याच का?

अनघा_र: घशात स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग निघाला, दहा दिवसांचं पेनिसिलिन दिलंय. ताप उतरला, गिळताना दुखत नाही, गोळ्या मात्र बऱ्याच शिल्लक आहेत. एक जण म्हणतो, कोर्स अर्धवट सोडलास तर जंतू औषधाला दाद देणार नाहीत. दुसरा म्हणतो, जास्त दिवस घेतल्यानेच तसं होतं. खरं कोणाचं?

प्रभाकर: पहिल्याचं. अर्धवट औषधाने कमजोर जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. शिवाय शरीराला औषधाची सवय होते आणि पुढच्या वेळी जास्त पॉवरची गोळी लागते.

सूक्ष्मदर्शी: प्रभाकरराव, सवय शरीराला होत नाही, बदलतात ते जंतू. म्हणून तर कधीच अँटिबायोटिक न घेतलेल्या माणसालाही असा निर्ढावलेला जंतू दुसऱ्याकडून लागू शकतो. आमच्या लॅबमध्ये हे डोळ्यांना दिसतं. जंतू वाढवलेल्या बशीत औषधाची छोटी चकती ठेवली की तिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. जंतू दाद देत नसेल तर तो थेट चकतीला चिकटून वाढतो. कधी वर्तुळ छान पडतं, पण आत चार-दोन ठिपके उगवलेले असतात. ते बघितलं की आम्ही रिपोर्ट देण्याआधी थांबतो.

अनघाताई, तुमच्या घशातला जंतू मात्र इतकी दशकं होऊनही पेनिसिलिनला दाद देतोच. तुमचे दहा दिवस वेगळ्या कारणासाठी आहेत. दुखणं लवकर थांबतं, पण घशात जंतू रेंगाळले तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. ते टाळायचं असतं. गोळ्या संपवा.

टवाळ: म्हणजे कोर्स आणि रेझिस्टन्सचा संबंधच नाही! २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही डॉक्टरांनी हेच लिहिलं होतं. बरं वाटलं की थांबा, विषय संपला.

सूक्ष्मदर्शी: अर्धाच लेख वाचलात. त्यांचा मुद्दा असा, की गोळी नुसती घशात जात नाही. आतड्यातल्या, त्वचेवरच्या निरुपद्रवी जंतूंवरही ती काम करते. जितके दिवस जास्त, तितके त्यांच्यातले दाद न देणारे शिरजोर होतात आणि पुढे तेच लघवीच्या संसर्गात भेटतात. म्हणून विनाकारण लांब कोर्स वाईटच. साध्या न्यूमोनियाला आता बऱ्याचदा पाच दिवस पुरतात, पण हे पाच दिवस चाचण्यांमधून ठरलेत, पेशंटला कधी हुशारी वाटली त्यावरून नाही. आणि टीबीला तर हा युक्तिवाद लागूच नाही.

वैशाली_के: मी उरलेल्या गोळ्या जपून ठेवते. सर्दी झाली की दोन घेते, लगेच फरक पडतो.

प्रभाकर: ताई, सर्दी विषाणूंची. ती गोळी न घेताही गेली असती.

सुहास: टीबीचा विषय निघालाच म्हणून. धाकट्या भावाला झाला होता. दोन महिन्यांत खोकला गेला, वजन वाढलं. मग पोटाला त्रास होतो म्हणून त्यातली एखादी गोळी गाळायला लागला. घरात कोणाला कळलं नाही. पुढे थुंकीचा रिपोर्ट आला, दोन मुख्य औषधं लागू नाहीत. एखाददुसऱ्या गोळीने एवढं कसं होतं?

सूक्ष्मदर्शी: सुहास, हिशोब करून बघा. फुप्फुसातल्या पोकळीत १० कोटी जंतू आहेत असं धरा. आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू साधारण १० लाखांत एक आपोआप तयार होतो, म्हणजे पहिली गोळी घेण्याआधीच असे शंभरेक आत बसलेले असतात. रिफॅम्पिसिनला न जुमानणारा एखादाच. पण दोन्हींना एकाच वेळी न जुमानणारा सापडायला जंतूंची संख्या इतकी लागते की एका माणसात तेवढे मावणारच नाहीत. म्हणून औषधं एकत्र देतात. एक गाळली की राहिलेल्या औषधाला न जुमानणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. ते वाढून कोट्यवधी झाले की त्यांच्यातच दुसऱ्या औषधाला न जुमानणारा निघतो. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकटं स्ट्रेप्टोमायसिन दिलं होतं, तेव्हा नेमकं हेच झालं. पेशंट आधी सुधारले आणि मग बऱ्याच जणांचे जंतू दाद देईनासे झाले.

गंमत म्हणजे सगळ्याच गोळ्या एकदम सोडल्या तर आजार उलटतो, पण परत आलेले जंतू अनेकदा जुन्याच औषधांना दाद देतात. जास्त घात होतो तो अधूनमधून आणि निवडून घेण्याने. शेवटचे महिने असतात ते सुस्त पडून राहिलेल्या, हळू मरणाऱ्या जंतूंसाठी.

टवाळ: टीबीचं मान्य. पण मग सगळ्यांना सरसकट ‘कोर्स पूर्ण करा’ का सांगता?

प्रभाकर: कारण ‘आजारानुसार बघा’ म्हटलं की लोक वैशालीताईंसारख्या गोळ्या साठवतात.

सूक्ष्मदर्शी: मला ते सरसकट वाक्य पटत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर दिवसांबरोबर कारणही लिहावं. किती दिवस पुरेत यावर अजून बऱ्याच संसर्गांत वाद चालू आहेत.

प्रभाकर: कारण वाचणार कोण?

अनघा_र: मी वाचलं असतं. झडपांचं मला कोणी सांगितलंच नव्हतं.