शब्दचर्चा: डीएलसी, एक्स्पान्शन पॅक, सीझन पास

फोंड्याची शिक्षिका: नववीतल्या एका मुलाने व्हिडिओ गेमवरच्या निबंधात ‘सीझन पास’ला ‘हंगामी परवाना’ लिहिलं. मी लाल शाईने खूण केली, पण बरोबर शब्द सुचवता आला नाही, आणि ते मनाला लागून राहिलं. गोव्यात सीझन म्हटलं की पर्यटक आठवतात, पास म्हटलं की कदंबा बसचा. त्याच निबंधात डीएलसी आणि एक्स्पान्शन पॅकही होते. या तिन्हींत खेळणाऱ्याच्या हातात नेमकं काय पडतं? ते कळल्याशिवाय मराठी शब्द कसा शोधायचा?

डिचोलीकर: सोपं आहे, बाई. छोटं ते डीएलसी, म्हणजे एखादा पोशाख, एखादी बंदूक. मोठं ते एक्स्पान्शन. आणि सीझन पास म्हणजे बीजीएमआय या मोबाइल गेममधला रॉयल पास. मुदतीत खेळत राहायचं, एकेक बक्षीस उघडत जायचं.

मडगावचा सायबरवाला: मोठं-छोटं म्हणालात ते निम्मं बरोबर, पण रॉयल पास ही वेगळी जात आहे. तिथे पैसे भरूनही खेळून कमवावं लागतं, आणि मुदत संपली की न उघडलेलं बहुधा गेलं. सीझन पासमध्ये कमवायचं काही नसतं. पुढे येणारे ठरावीक भाग एकत्र, आधीच विकत घेतलेले असतात.

बाई, मला वाटतं घोळ असा होतो की हे तीन शब्द एकाच मापाचे नाहीत. डीएलसी हा शब्द भाग कसा येतो ते सांगतो: मूळ गेमनंतर डाउनलोड होऊन. एक्स्पान्शन हा शब्द त्यात किती आणि काय आहे ते सांगतो: नवा प्रदेश, नवी कथा. सीझन पास फक्त पैसे कसे भरले ते सांगतो. त्यामुळे आजचं एक्स्पान्शन बहुतेक वेळा डीएलसीही असतं. पूर्वी तसं नव्हतं. ‘एज ऑफ एम्पायर्स २’चं ‘कॉन्करर्स’ २००० साली वेगळ्या सीडीवर आलं, पाच नव्या संस्कृती घेऊन. तेव्हा डीएलसी म्हणायचा प्रश्नच नव्हता.

‘फॉलआउट ४’ घ्या. गेम नोव्हेंबर २०१५चा. पास सुरुवातीला ३० डॉलरला होता. मार्च ते ऑगस्ट २०१६ मध्ये त्यातून सहा भाग आले. तीन ‘वर्कशॉप’ भाग, सुटे प्रत्येकी साधारण ५ डॉलरचे. त्यांत मुख्यतः वस्ती बांधायचं सामान: पिंजरे, सरकते पट्टे असलं. ‘ऑटोमॅट्रॉन’ १० डॉलरला, त्यात रोबो जोडायची सोय आणि एक छोटी कथा. ‘फार हार्बर’ २५ला, त्यात अख्खं नवं बेट, माणसं, मोहिमा. ‘नुका-वर्ल्ड’ २०ला. सहाही डीएलसी, पण एक्स्पान्शन म्हणण्याजोगे माझ्या मते शेवटचे दोनच. सुटे घेतले तर सगळे मिळून ७०च्या आसपास. १ मार्च २०१६ला पास ५०चा झाला. आधी घेतलेल्यांना त्याच ३०मध्ये सगळं मिळालं.

मात्र पास म्हणजे ‘सगळं’ नव्हे. त्याच गेममध्ये २०१७ला ‘क्रिएशन क्लब’ हे सुट्या वस्तूंचं दुकान आलं, त्यातल्या वस्तू पासमध्ये धरलेल्या नव्हत्या. आणि डीएलसी म्हणजे पैसे, असंही नाही. त्याच वर्षी पीसीवर चित्रं अधिक रेखीव करणारा भाग डीएलसी म्हणून फुकट मिळाला.

पेडण्यातली मावशी: माझ्या भाच्याला वाढदिवसाला मी पास घेऊन दिला होता. पैसे गेले, पण गेममध्ये काहीच आलं नाही. दुकानवाल्याने फसवलं असं मी धरून चालले होते.

मडगावचा सायबरवाला: मावशी, भाग तेव्हा प्रसिद्ध झाले नसतील. पासमध्ये स्वतःचं खेळण्यासारखं काही नसतं, नुसता हक्क खात्यावर चढतो. भाग आला की तो फुकट उतरवता येतो. मूळ गेम त्याच खात्यावर आहे ना, हेही बघा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अशा भागाच्या पानावर लिहिलेलं असतं: `This content requires the base game`. ती ओळ असेल तर नुसता भाग चालणार नाही.

फोंड्याची शिक्षिका: म्हणजे परीक्षेतली पुरवणी! मूळ उत्तरपत्रिकेला बांधल्याशिवाय तिला किंमत नाही. एक्स्पान्शनला ‘पुरवणी’ म्हणावं का? आणि पासला ‘आगाऊ वर्गणी’?

डिचोलीकर: पुरवणी आवडली. पण ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ मूळ गेमशिवाय चालतो. आधी तो त्या मालिकेतल्या चौथ्या गेमची जोड म्हणूनच ठरला होता. त्याला पुरवणी कसं म्हणणार? आणि वर्गणी दरवर्षी भरावी लागते. पास एकदाच घ्यायचा.

फोंड्याची शिक्षिका: मग ‘प्रकाशनपूर्व नोंदणी’? चार खंडांच्या ग्रंथाचे पैसे आधी भरायचे, खंड छापून होतील तसे घरी येतात. पाचवा खंड निघाला तर तो त्यात नाही. ‘क्रिएशन क्लब’चंही तसंच झालं.

मडगावचा सायबरवाला: हे चपखल आहे, पण सगळे भाग निघाल्यावरही पास विकला जातो. तेव्हा त्यात ‘पूर्व’ काहीच उरत नाही, तो नुसता संच होतो. त्या मुलाने कधी घेतला होता ते विचाराल का?