शब्दचर्चा : 'ऑब्जेक्ट पर्मनन्स' आणि 'स्ट्रेंजर अँक्झायटी' यांना मराठीत काय म्हणावं?

मुग्धा
कोथरूडच्या एका पाळणाघरासाठी पालकांना द्यायचं माहितीपत्रक लिहितेय. पहिल्यासाठी 'वस्तुस्थायित्व' आणि दुसऱ्यासाठी 'परक्याची भीती' असं लिहिलंय. आज्या-आजोबांनाही कळायला हवं. चालेल का?

विनायक
वस्तुस्थायित्व म्हणजे वस्तू टिकाऊ असणं ना? बाळाच्या पत्रकात खेळण्याच्या टिकाऊपणाचं काय काम?

मुग्धा
नाही हो, वस्तू झाकली तरी ती आहेच, ही बाळाची समज. पण तुम्हाला तसं वाटलं म्हणजे शब्द फसतोय.

श्रीरंग
सोपं आहे. आठ महिन्यांच्या आधी बाळाचं 'दृष्टीआड सृष्टी' असतं. खुळखुळा रुमालाखाली गेला की त्याच्या लेखी संपला. मानसशास्त्रज्ञ प्याजेंनी हे कधीच सांगून ठेवलंय. तेव्हा 'झाकल्या वस्तूची जाण' म्हणा.

डॉ. सुनीता (बालविकास)
शब्द आवडला, पण 'संपला' म्हणू नका. प्याजेंनी पाहिलं ते हाताचं काम : बाळ रुमाल उचलत नाही. संशोधक रेने बायार्जाँ यांनी हाताऐवजी नजर पाहिली. एक फळी खोक्यावर आडवी होत गेली, खोकं तिच्यामागे झाकलं गेलं, आणि फळी न अडता जणू त्या खोक्यातूनच आरपार गेली, तर साडेचार महिन्यांची बाळंही जास्त वेळ टक लावून पाहत राहिली. याचा अर्थ काय लावायचा यावर अजून वाद आहे. पण खोलीत अंधार केला तरी बाळं समोरच्या वस्तूकडे हात नेतात, म्हणजे दिसेनासं झालं की संपलं, असं नक्कीच नाही.

खरी गंमत आठ ते बारा महिन्यांत आहे. दोन सारखे नॅपकिन हातभर अंतरावर ठेवा. खेळणं डावीकडे झाका आणि बाळाला दोन-तीनदा शोधू द्या. मग त्याच्या डोळ्यांदेखत उजवीकडे झाका, दोन-तीन सेकंद थांबवा आणि हात मोकळे सोडा. आठ-नऊ महिन्यांचं बाळ बहुतेक वेळा डावाच नॅपकिन उचलतं. कधी तर नजर उजवीकडे आणि हात डावीकडे! न थांबवता सोडलं तर बरोबर शोधतं. संशोधक अडेल डायमंड यांनी 1985 मध्ये दाखवलं की चूक होण्यासाठी जेवढं थांबवावं लागतं, तो वेळ महिन्याला साधारण दोन सेकंदांनी वाढतो : साडेसात महिन्यांना दोन सेकंदांहून कमी, बाराव्या महिन्याला दहाच्या आसपास.

प्राजक्ता
आमच्या नऊ महिन्यांच्या पिल्लूला करून बघितलं. तिने खेळणं सोडून नॅपकिनच तोंडात घातला. नापास का?

डॉ. सुनीता
नाही. नॅपकिन खेळण्यापेक्षा आकर्षक होता एवढंच. तो साधा, बिननक्षीचा घ्या, आणि झाकल्यावर तुम्ही स्वतः त्या बाजूला पाहू नका, बाळ तुमची नजर पकडतं. थांबवताना ती त्याच बाजूला वाकून राहिली तर लक्षात ठेवण्याचं काम शरीरच करतं. म्हणून त्या वेळी तिचं लक्ष दुसरीकडे वेधायचं.

श्रीरंग
मग हा निव्वळ स्मरणशक्तीचा प्रश्न झाला.

डॉ. सुनीता
अर्धाच. डावीकडे जायची लागलेली सवय रोखणं हाही भाग आहे. शिवाय बसलेल्या बाळाला उजवीकडच्या फेरीआधी उभं धरलं तर चूक पुष्कळ कमी होते. नुसती स्मृती कमी पडत असती तर उभं राहून काय फरक पडला असता? 2008 मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी दाखवलं की झाकणारा माणूस बाळाकडे न पाहता, न बोलता झाकत असेल तर चूक घटते. तेव्हा एकच कारण लावून मोकळं होता येत नाही.

प्राजक्ता
आणि तिचे साताऱ्याचे आजोबा आले की रडून घर डोक्यावर घेते. पाचव्या महिन्यात त्यांच्याकडे हसत होती. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली.

मुग्धा
बघा, म्हणजे 'परका' गेला. आजोबा परके कसे?

डॉ. सुनीता
हो, 'अनोळखी' हवं. मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांचं म्हणणं असं की या वयात बाळ आईचा चेहरा मनात आणून समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहू लागतं. फरक कळतो, पण पुढे काय होणार ते उमगत नाही, आणि रडू फुटतं. सहा-नऊ महिन्यांत हे सुरू होतं, वर्षाच्या आसपास जोर धरतं. आजोबांनी एकदम उचलून घेऊ नये. तिला आईच्या मांडीवर राहू द्यावं, दोन-चार हात लांब बसून आईशी बोलावं आणि तिने स्वतः हात पुढे करेपर्यंत थांबावं.

विनायक
पण 'भीती' का? आमच्याकडे म्हणतात, बाळ बुजतं.

डॉ. सुनीता
फार नेमका शब्द. कित्येक बाळं रडत नाहीत, नुसती थिजतात, मान वळवतात, आईचा पदर घट्ट धरतात. 'भीती' म्हटलं की ही बाळं बाहेर राहतात.

श्रीरंग
बुजणं तर घोड्याचंही असतं. पत्रकात बरं दिसेल?

मुग्धा
'अनोळखी माणसाला बुजणं' असं लिहिते, आजीला लगेच कळेल. पहिल्यासाठी 'झाकल्या वस्तूची जाण' घेते. पण जुनाच नॅपकिन उचलण्याच्या त्या चुकीला काय म्हणू? 'जुन्या जागेची चूक'?

विनायक
'चूक' नको. पालक लगेच काळजीत पडतात. 'जुन्या जागेची ओढ' म्हणा.

डॉ. सुनीता
'ओढ' म्हटलं की सवयीचंच कारण धरल्यासारखं होतं, आणि वाद तर तिथेच आहे. मी 'चूक' ठेवीन.