‘कॅन’ म्हटलं, ‘कॅन्ट’ ऐकू गेलं

मालवणकर: आमच्याकडे उतरलेल्या अमेरिकन जोडप्याने सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीबद्दल विचारलं. मी म्हटलं, "यू कॅन गो टुमॉरो." त्यांचा चेहराच पडला! ‘जाता येणार नाही’ असं समजले. ‘कॅन’ तर मी अगदी स्वच्छ उच्चारला होता.

वेंगुर्लेकरीण: स्वच्छ उच्चारलात, तिथेच घोळ झाला. त्यांच्या तोंडी त्या वाक्यात दोनच ठिकाणी जोर येतो, ‘गो’ आणि टुमॉरोतला ‘मॉ’. बाकीचं गिळायचं: "यु क्न गो ट्मॉरो." नकार असला की ‘कॅन्ट’वर वजन येतं. पुढे लगेच ‘गो’ आल्यामुळे शेवटचा ट जेमतेम लागतो, कधी लागतही नाही. म्हणून ते ट शोधत बसत नाहीत, ‘कॅ’ भरीव आहे की पोकळ ते ऐकतात. तुम्ही मराठी सवयीने प्रत्येक अक्षराला सारखा न्याय दिलात.

देवगडवाला: इंग्रजीत दोन आघातांमधलं अंतर सारखंच असतं, म्हणून मधली अक्षरं कोंबावी लागतात. सोपं आहे.

वेंगुर्लेकरीण: भाषाशास्त्रज्ञ पाइक यांनी 1945मध्ये जोरावर चालणारी लय आणि प्रत्येक अक्षरावर चालणारी लय हा भेद मांडला तेव्हा तशीच समजूत होती. पुढे लोकांनी मोजून पाहिलं तर अंतरं काही सारखी भरेनात. अक्षरं कोंबली जातात हे मात्र खरं.

गुहागरची सून: हेल तर आपल्याकडेही आहे की! मी मालवणी बोलले की सासरचे हसतात.

वेंगुर्लेकरीण: हेल म्हणजे वाक्यभर सूर वरखाली होणं, ते वेगळं. त्यात ‘जातंय’चा ‘जा’ कोणी गिळत नाही.

देवगडवाला: पण आपणही ‘करवत’चं ‘कर्वत’ करतोच.

वेंगुर्लेकरीण: करतो, पण ते ‘करवत’ कुठल्याही वाक्यात टाका, ‘कर्वत’च राहतं. ‘कॅन’चं तसं नाही. "येस, यू कॅन" म्हणताना तो शेवटी येतो, मग पूर्णच उच्चारायचा. आणि तुमचे पाहुणे लंडनचे असते तर गोंधळ बहुधा झालाच नसता. तिकडे नकाराला ‘कान्ट’ म्हणतात, स्वरच वेगळा.

मालवणकर: म्हणजे आता आम्ही शब्द गिळायला शिकायचं? बेंगळुरूच्या पाहुण्यांशी तर काही अडत नाही.

वेंगुर्लेकरीण: त्यांच्याशी नकोच. अमेरिकनांना होकार देताना आधी ‘येस’ जोडा, नकाराला ‘कॅन नॉट’ असं सुटं म्हणा.

देवगडवाला: मला नाही पटत. आपलं इंग्रजी त्यांनी समजून घ्यावं.

मालवणकर: ते राहू दे बाबा. फिफ्टीन आणि फिफ्टीचंही असंच का? भाडं सांगताना दोनदा विचारतात.

वेंगुर्लेकरीण: सुट्या ‘फिफ्टीन’मध्ये जोर ‘टीन’वर, ‘फिफ्टी’त ‘फिफ्’वर. पण "फिफ्टीन बोट्स" म्हटलं की तो जोर बहुतेकदा ‘फिफ्’कडे सरकतो, मग नुसत्या जोरावर भरवसा नाही. भाड्याच्या बाबतीत सरळ "वन-फाइव्ह" किंवा "फाइव्ह-झीरो" सांगा.