एफडीचे साडेनऊ डबे आणि टॅक्सचे साडेदहा

सुधीर (ए-३०२): सुप्रभात. माझी १० लाखांची एफडी आज सुटली. ७ टक्के मिळाले. महागाई ५ धरली तरी २ टक्के खिशात. उगाच शेअरवाल्यांच्या नादी लागू नका, एवढंच सांगायचं होतं.

प्राजक्ता (सी-५०४): काका, तुमची अजून ३ वर्षं नोकरी आहे ना? ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर त्या २ टक्क्यांतलं काहीच उरलं नाही. उलट थोडं गेलंच.

सुधीर (ए-३०२): कसं काय? बँकेने टीडीएस कापला फक्त १० टक्के.

प्राजक्ता (सी-५०४): तो नुसता आगाऊ हप्ता. रिटर्न भरताना बाकीचा भरावा लागेल. उपकर धरून ३१.२ टक्के, आणि तोही पूर्ण ७०,००० व्याजावर. म्हणजे २१,८४०.

सुधीर (ए-३०२): मग ४८,१६० राहिले की! तोटा कुठे आहे?

प्राजक्ता (सी-५०४): तेलाच्या डब्यात मोजून बघा. समजा एफडी केली तेव्हा डबा २,००० ला होता. १० लाखांत ५०० डबे आले असते. वर्षात डबा ५ टक्क्यांनी महागून २,१०० झाला. १०,७०,००० ला २,१०० ने भागा, साडेनऊ डबे जास्त येतात. हीच तुमची खरी कमाई, ५०० वर साडेनऊ. आता टॅक्स २१,८४०, म्हणजे आजच्या भावाने जवळजवळ साडेदहा डबे. शेवटी हातात ४९९.

मंदार (बी-१०१): म्हणजे कमावले साडेनऊ आणि टॅक्समध्ये गेले साडेदहा 😳

प्राजक्ता (सी-५०४): ७०,००० पैकी जवळजवळ ५०,००० तर मुद्दलाची किंमत घटली त्याची नुसती भरपाई होती. आयकर कायदा ती भरपाई आणि खरी कमाई यात फरक करत नाही. सगळंच व्याज, सगळंच उत्पन्न.

मंदार (बी-१०१): पण घर विकताना इंडेक्सेशन मिळायचं ना, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरायची सोय?

प्राजक्ता (सी-५०४): मिळायचं, जुन्या घरांना पर्याय म्हणून काही अंशी अजूनही आहे. व्याजाला मात्र कधीच नव्हतं.

सुधीर (ए-३०२): असू दे. महागाई वाढली की बँकाही व्याज वाढवतातच. ९ टक्के मिळतील तेव्हा निघेल सगळं.

प्राजक्ता (सी-५०४): इथेच सगळे फसतात काका. व्याज ९ आणि महागाई ७ धरा, फरक तोच २ चा. टॅक्स २८,०८०. हातात १०,६१,९२०, डबा २,१४० चा. आले ४९६. उलट व्याज ४ आणि महागाई २ असती तर टॅक्स भरूनही जवळजवळ ५०४ आले असते. व्याज महागाईइतकंच वाढून भागत नाही. तुमच्या स्लॅबमध्ये महागाई १ टक्क्याने वाढली तर व्याज जवळपास दीड टक्क्याने वाढायला हवं, आणि तसं ते वाढत नाही.

मंदार (बी-१०१): २०२१ ला बाबांनी साडेपाच टक्क्यांच्या आत एफडी केली होती. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वर होता तेव्हा.

प्राजक्ता (सी-५०४): आणि २०२२-२३ ची सरासरी महागाई ६.७. तिथे टॅक्सच्या आधीच तोटा होता, तरी टॅक्स चुकला नाही. कमाई उणे असली तरी आकड्यात व्याज आलं म्हणजे ते उत्पन्नच. क्युम्युलेटिव्ह एफडी असेल तर हातात पैसे पडण्याआधीच दरवर्षीच्या व्याजावर टॅक्स.

विमल आजी (ए-००२): माझ्या एफडीचं पण असंच का गं? औषधांसाठी ठेवली आहे.

प्राजक्ता (सी-५०४): नाही आजी. तुम्हाला टॅक्सच लागत नाही, तुमचे साडेनऊच्या साडेनऊ डबे तुमचे. बँकेत दरवर्षी तो फॉर्म देताय ना? तो न दिल्यास टीडीएस कापतील आणि परत मागत बसावं लागेल. फक्त औषधं ५ टक्क्यांहून जास्त महागली तर तुमचा हिशोब वेगळा. ५ हा सरासरीचा आकडा आहे.

विमल आजी (ए-००२): देते बाई, एप्रिलमध्येच देते. आणि औषधं तर बघूच नको.

सुधीर (ए-३०२): मग मी काय करू? परत एफडीच करणार होतो.

प्राजक्ता (सी-५०४): पीपीएफला जागा शिल्लक असेल तर आधी तिथे. ७.१ टक्के करमुक्त, पण वर्षाला दीड लाखच. बाकीचं ३ वर्षांनी निवृत्त होऊन खालच्या स्लॅबमध्ये गेलात की हिशोब सुधारतो. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये हेच गणित ५०२ डब्यांच्या वर जातं. आणीबाणीचे पैसे मात्र एफडीतच बरे, डबा-अर्धा डबा गेला तरी चालेल.

सुधीर (ए-३०२): बायको विचारतेय, ४९९ डबे ठेवायचे कुठे.

सेक्रेटरी: पार्किंगमध्ये नाही. ११ वाजता टाकी धुवायला माणसं येणार आहेत, पाणी भरून घ्या.